घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी आणीबाणीचे नंबर आणि खिशातलं कार्ड

आईच्या फोनमध्ये मुलाचा नंबर ‘बाब’ म्हणून सेव्ह असतो, मुलीचा ‘बाय’ म्हणून. शेजारच्या घरातल्या फोनातही एक ‘बाब’ असतो. तिघी-चौघींच्या पर्स शेजारी ठेवल्या तर सगळ्यांत मिळून सहा ‘बाब’ सापडतील. घरात ते गोड वाटतं, पण बाजारात आई चक्कर येऊन पडली आणि कुणी तिचा फोन उचलला, तर त्याला यातला आपल्याला हवा तो कोण हे कळायला मार्ग नाही. शिवाय फोनला लॉक असेल तर तो ‘बाब’पर्यंत पोचणारच नाही.

काम दोन आहे. लॉक न उघडताही दिसतील असे नंबर फोनमध्ये बसवायचे, आणि फोन बंद पडला, भिजला किंवा घरी राहिला तरी चालेल असं छापील कार्ड करायचं. दोन्हींत काय लिहायचं हे आधी ठरवायला लागतं, आणि वेळ तिथेच जातो. समजायला सोपं म्हणून एक नेहमीचं घर घेऊ. आई ७८ वर्षांची, फोंडा तालुक्यातल्या केरीत एकटी राहते. मुलगी मडगावला, मुलगा दुबईला. आईला हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी चालू आहे, मधुमेह आहे, आणि पेनिसिलिनची ॲलर्जी आहे.

आधी क्रम ठरवा

बहुतेकजण पहिलं नाव मुलाचं लिहितात, कारण तो मोठा, किंवा पैसे तो पाठवतो. पण पहिला नंबर मायेच्या क्रमाने येत नाही, तो येतो अंतराने. पहिला नंबर अशा माणसाचा हवा जो पंधरा-वीस मिनिटांत घरी पोचू शकतो आणि ज्याच्याकडे किल्ली आहे. आपल्या उदाहरणात तो शेजारी. दुसरा, जो हॉस्पिटलला जाऊन सही करू शकतो, म्हणजे मडगावची मुलगी. तिसरा दुबईचा मुलगा. त्याच्याशी बोलणं गरजेचं असतंच, पण अनोळखी माणसाला परदेशी नंबर देण्यात अर्थ नाही. साध्या प्रीपेडवरून तो लागेलच असं नाही, आणि हॉस्पिटलच्या टेबलावरच्या फोनवरून तर क्वचितच. मुलाला बातमी मुलगी सांगेल. त्यामुळे मुलाचा नंबर फोनमध्ये ठेवा, कार्डावर तिसऱ्या जागी ठेवा किंवा ठेवूच नका.

प्रत्येकाला आधी विचारा. शेजाऱ्याला नुसतं ‘तुमचा नंबर घातलाय हां’ असं न सांगता नेमकं विचारा: रात्री दोन वाजता फोन आला तर उचलाल का? तुमच्या फोनमध्ये अनोळखी नंबर आपोआप गप्प करणारी सोय चालू आहे का? हा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. आईच्या फोनवरून नव्हे तर ॲम्ब्युलन्समधून, हॉस्पिटलमधून किंवा रस्त्यावरच्या कुणाच्या फोनवरून कॉल येणार, आणि स्पॅम अडवणारं ॲप तो सरळ गिळून टाकतं. आयफोनवर `Silence Unknown Callers` ही सोय असते, तीही तपासा.

रात्री ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून झोपणाऱ्यांसाठी एक उपाय आहे. त्याच नंबरवरून लगोलग दुसऱ्यांदा फोन आला तर तो आवाज करू देण्याची सोय बहुतेक फोनांत असते. अँड्रॉइडवर ही मुदत साधारण पंधरा मिनिटांची असते, आयफोनवर तीन मिनिटांची. म्हणून कार्डावर एक ओळ छापा: ‘उचलला नाही तर लगेच पुन्हा लावा.’ आईचा नंबर मात्र प्रत्येकाने आवडत्या यादीत घालून ठेवावा, म्हणजे तिचा फोन रात्रीही वाजेल.

नंबर लिहिताना एक खबरदारी. मोबाइल नेहमी +91 जोडून सेव्ह करा, म्हणजे मुलाकडे दुबईत गेलेल्या आईच्या फोनवरूनही लागतो. घरचा लँडलाइन असेल तर गोव्याचा 0832 जोडूनच लिहा. मोबाइलवरून नुसते सात आकडे फिरवले की काही होत नाही, आणि घाबरलेल्या माणसाला ते का लागत नाही हे सुचत नाही.

आता फोनमध्ये

अँड्रॉइड फोनवर `Settings` मध्ये जाऊन `Safety & emergency` हा विभाग शोधा. काही फोनांत तो `Personal Safety` ॲपमध्ये असतो, आणि सापडत नसेल तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत emergency टाइप करा. तिथे `Medical information` आणि `Emergency contacts` असे दोन भाग दिसतील. दोन्ही भरा. संपर्क फोनबुकातून निवडावे लागतात, म्हणून आधी फोनबुक सुधारा. ‘बाय’ ऐवजी ‘मुलगी - मडगाव’, शेजाऱ्यापुढे ‘शेजारी - किल्ली यांच्याकडे’. लाडाचं नाव शेवटी ठेवायला हरकत नाही, नाहीतर आईला तोच नंबर सापडणार नाही. नंबर सिमकार्डावर न ठेवता फोनवर किंवा गूगल खात्यात सेव्ह करा. सिमवर एका नावाला एकच नंबर मावतो आणि फोन बदलला की गोंधळ होतो.

आयफोनवर `Health` ॲप उघडून वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर बोट ठेवा, मग `Medical ID`. माहिती भरल्यावर `Show When Locked` चालू आहे ना ते पाहा. ते बंद असेल तर बाकीचं सगळं लिहिलेलं कुलूपबंद कपाटात राहतं.

यानंतर पडताळणी, आणि ही टाळू नका. फोन लॉक करा, शेजारच्या पोराच्या हातात द्या आणि सांगा, ‘हिच्या घरच्यांना फोन लाव, पासवर्ड मी सांगणार नाही.’ लॉक स्क्रीनवर `Emergency` किंवा `Emergency call` दाबून पुढे वैद्यकीय माहितीचं बटण यायला हवं. फोनाफोनांत ते वेगळ्या जागी असतं, काही ठिकाणी दोनदा दाबावं लागतं. त्या पोराला अर्ध्या मिनिटात सापडलं नाही तर रस्त्यावरच्या माणसाला सापडणार नाही. मग लॉक स्क्रीनवर खाली एक ओळ लिहून ठेवा. अँड्रॉइडमध्ये लॉक स्क्रीनवर मजकूर लिहायची सोय असते: ‘तातडीत फोन: मुलगी’ आणि पुढे नंबर. बऱ्याचदा हीच ओळ सगळ्यांत उपयोगी ठरते. अर्थात ती सगळ्यांनाच दिसते, तेव्हा तिथे नंबर एवढाच ठेवा, पत्ता नको.

पॉवर बटण पटापट दाबून मदत बोलावायची सोय भारतातल्या फोनांत २०१७ पासून सक्तीची आहे. स्मार्टफोनवर पॉवर बटण तीनदा, तर साध्या फोनवर ५ किंवा ९ चं बटण दाबून धरलं की ११२ ला कॉल जातो. पण प्रत्यक्षात काही फोनांत तीनदा, काहींत पाचदा असतं, म्हणून आईचा फोन नेमका काय करतो ते सेटिंग्जमधल्या `Emergency SOS` मध्ये पाहा. तिथे उलटी गणती आणि मोठा आवाज चालू ठेवा. नाहीतर पर्समध्ये दबून ११२ ला फोन जातो. चुकून लागला तर आईने घाबरून फोन कापू नये, ‘चुकून लागला’ एवढं सांगावं हे तिला आधीच समजावा.

साधा बटणवाला फोन असेल तर ही सगळी कसरत वाचते. त्यात स्पीड डायल लावा: २ वर शेजारी, ३ वर मुलगी. १ चं बटण बहुतेक फोनांत व्हॉइसमेलसाठी राखलेलं असतं, ते सोडा. ज्येष्ठांसाठी मागच्या बाजूला एसओएसचं बटण असलेले फोन मिळतात. ते यादीतले नंबर एकामागून एक लावतात. यातली मेख अशी की पहिल्या नंबरवर ‘ग्राहक क्षेत्राबाहेर आहे’ अशी ध्वनिमुद्रित सूचना किंवा व्हॉइसमेल लागली तर काही फोनांना वाटतं की कुणी उचलला, आणि ते तिथेच थांबतात. म्हणून यादीत पहिला तोच माणूस ठेवा ज्याच्या घरी रेंज नेहमी असते. रिचार्ज संपलं की एसओएसचे संदेशही जात नाहीत. संपायच्या तारखेची आठवण आपल्या कॅलेंडरात घाला, आईच्या नव्हे.

पत्ता, जो १०८ वाल्याला सापडेल

हा भाग कार्डाचा आत्मा आहे, म्हणून थोडं थांबू. गोव्यातला पत्ता म्हणजे घर क्रमांक, वाडा आणि गाव. पंचायतीच्या घर क्रमांकावरून ड्रायव्हरला घर सापडत नाही, कारण १२ च्या शेजारी १३ असेलच असं नाही. वाड्याचं नावही पुरत नाही, देऊळवाडा कितीतरी गावांत आहे. आणि गावाचं नाव? केरी फोंड्यात आहे, सत्तरीतही आहे, आणि पेडण्यातही तेरेखोलच्या तोंडाशी आहे. १०८ वर बोलणारा माणूस फक्त ‘केरी’ ऐकून गाडी कुठे पाठवणार? म्हणून पत्ता नेहमी तालुक्यापासून सुरू करा. फोंडा तालुका, केरी गाव, मग वाडा.

त्यानंतर खूण. खूण अशी हवी जी पुढच्या पावसाळ्यातही तिथेच असेल. देऊळ, चॅपल, खुरीस, शाळा, पंचायत घर, तळी, पूल या खुणा टिकतात. बारचं नाव बदलतं, दुकान बंद होतं, आंब्याचं झाड वादळात पडतं. मग दिशा, आणि ती ड्रायव्हर ज्या बाजूने येईल त्या बाजूने. केरीच्या आपल्या घराचं असं लिहिता येईल: ‘फोंडा तालुका, केरी. फोंड्याहून येताना विजयादुर्गा देवळाजवळ, देवळानंतर पहिली डावी वाट, मोठी गाडी खुरसाकडे थांबेल, तिथून चौथं घर, निळं गेट.’ इथे खुरीस आणि निळं गेट उदाहरणापुरते आहेत, तुमच्या घराचं जे असेल ते लिहा. पण ‘मोठी गाडी कुठे थांबेल’ हे विसरू नका. गल्ली अरुंद असेल तर स्ट्रेचर तिथून उचलून न्यावा लागतो, आणि शेजाऱ्याने टॉर्च घेऊन नेमकं तिथे उभं राहायचं असतं.

हे लिहून झाल्यावर गावाबाहेरच्या कुणाला फक्त तो मजकूर वाचून यायला सांगा. त्याने वाटेत फोन केला तर मजकुरात जिथे अडला ती ओळ सुधारा. जोडीला गूगल मॅपवर घराच्या छपरावर बोट दाबून धरा, त्या जागेचा प्लस कोड, म्हणजे अक्षर-आकड्यांचा छोटा पत्ता, मिळतो. तो कार्डावर लिहा. फोनने ‘माझं ठिकाण’ आपोआप पकडायला लावायचं असेल तर घरात नव्हे, आंगणात उभं राहून निळं वर्तुळ लहान होईपर्यंत थांबा. नाहीतर पिन शेताच्या पलीकडच्या रस्त्यावर पडते.

आणि दार. जुन्या घरांत दाराला आतून कडी किंवा आडसर घालायची सवय असते. आडसर घातला की शेजाऱ्याकडच्या किल्लीचा उपयोग शून्य. मागील दाराला बाहेरून किल्लीने उघडेल असं कुलूप बसवा आणि त्या दाराला आतून आडसर घालायचा नाही असं ठरवा. आईला सुरुवातीला भीती वाटेल, पण सांगून पाहा.

कार्डावर काय, आणि काय नाही

कार्डाची मापं एटीएम कार्डाएवढी ठेवा, म्हणजे साधारण ८६ गुणिले ५४ मिलिमीटर. पर्सच्या कप्प्यात तेच बसतं. पुढच्या बाजूला माणसं आणि पत्ता, मागे औषधपाणी.

पुढची बाजू:
नाव: (आधारवर आहे तसंच)
जन्म वर्ष: 1948
1. शेजारी, किल्ली यांच्याकडे: +91 …
2. मुलगी, मडगाव: +91 …
उचलला नाही तर लगेच पुन्हा लावा.
फोंडा तालुका, केरी, देवळानंतर पहिली डावी वाट
ॲम्ब्युलन्स 108 · तातडीची मदत 112

मागची बाजू:
वॉरफरिन चालू (रक्त पातळ करणारी गोळी)
पेनिसिलिन: ॲलर्जी, अंगावर पुरळ आणि श्वासाचा त्रास
मधुमेह, इन्सुलिन नाही
डाव्या कानाने कमी ऐकू येतं
फॅमिली डॉक्टर: फोन …
माहिती कधीची: महिना, साल

वय न लिहिता जन्म वर्ष लिहा, वय दरवर्षी खोटं होतं. वॉरफरिन अगदी वर, कारण डोक्याला मार लागून आलेल्या माणसाला ती गोळी चालू आहे हे कळलं की मेंदूत रक्तस्राव आहे का हे डॉक्टर वेळ न घालवता लगेच पाहतात. क्लोपिडोग्रेल किंवा तशी दुसरी गोळी असेल तर तीही. ॲलर्जी लिहिताना काय झालं होतं तेही लिहा. नुसतं ‘पोट बिघडतं’ आणि ‘श्वास अडकतो’ यांत डॉक्टरला फार फरक पडतो. ऐकू कमी येतं ही ओळ लहान वाटते, पण त्यामुळे शुद्धीत असलेल्या माणसाला कुणी बेशुद्ध समजत नाही. पेसमेकर असेल तर तो लिहाच, एमआरआयच्या आधी तेच विचारलं जातं.

रक्तगट लोकांना फार महत्त्वाचा वाटतो. प्रयोगशाळेच्या अहवालावरून माहीत असेल तरच लिहा, ‘बहुतेक बी पॉझिटिव्ह’ असं नको. रक्त चढवण्याआधी हॉस्पिटल स्वतः तपासतंच, त्यामुळे जागा कमी असेल तर पहिली ही ओळ गाळा.

औषधांची सगळी यादी कार्डावर कोंबू नका. साध्या गोळ्या दर ओपीडीला बदलतात. त्यासाठी वेगळी चिठ्ठी करा, औषधांच्या स्ट्रिपवर छापलेलं नाव जसंच्या तसं इंग्रजी अक्षरांत, मात्रा आणि वेळ. ती लॅमिनेट करायची नाही. कार्डाची मागची बाजूही इंग्रजीत छापलेली बरी, कारण इमर्जन्सीतल्या डॉक्टरला मराठी वाचता येईलच असं नाही. पुढची बाजू मराठीत, आकडे मात्र फोनच्या बटणांवर असतात तेच. देवनागरीतला १०८ सगळ्यांनाच पटकन फिरवता येत नाही.

आधार क्रमांक, बँकेचं काही, फोनचा पासवर्ड, घरात एकटी राहते ही गोष्ट, यातलं काहीही कार्डावर नको. आणि किल्लीच्या जुडग्याला पत्त्याचं कार्ड बांधू नका.

छपाई, आणि गोव्याचा पाऊस

घरच्या इंकजेटवर छापलेलं कार्ड पर्समधल्या ओलाव्याने पसरतं, म्हणून झेरॉक्सवाल्याकडे लेझर प्रिंट काढा. नंबरांची अक्षरं निदान ११ पॉइंट, बाकीची ९ च्या खाली नको. कागद आधी कार्डाच्या मापाने कापा, मग ६५ गुणिले ९५ मिलिमीटरच्या लॅमिनेशन पाऊचमध्ये घाला, म्हणजे चारही बाजूंना साधारण पाच मिलिमीटर नुसतं प्लास्टिक उरतं. दुकानदार सवयीने कागदाच्या कडेला लागून कापून देतो. मग कडेतून पाणी शिरतं आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कार्ड सुटतं. कडा सोडायला आधीच सांगा. कागद दमट असेल तर आत बुडबुडे येतात, तेव्हा छपाई झाल्यावर लगेच लॅमिनेट न करता कागद थोडा सुकू द्या.

प्रती तीन. एक पर्समध्ये, एक फोनच्या मागच्या कव्हरमध्ये, एक हॉस्पिटलच्या फाइलीत. पुरुष असतील तर पाकिटात, पण घरी पाकीट खुंटीवर असतं, म्हणून घरासाठी वेगळा कागद हवा.

घरच्या भिंतीवरचा कागद

ए-फोर कागद, २० पॉइंटची अक्षरं, फोनच्या वर किंवा फ्रिजवर. हा आईने स्वतः वाचायचा, म्हणून वाक्य बोलायचंच लिहा: ‘फोंडा तालुका, केरी गाव. माझं नाव … . मी पडले आहे’ किंवा ‘छातीत दुखतंय’. त्याखाली पत्ता आणि तिचाच नंबर, कारण स्वतःचा नंबर घाईत आठवत नाही. घरात कोंकणी बोलतात आणि वाचतात मराठी, तेव्हा वाक्य ती जसं बोलते तसं लिहिलं तरी चालेल. ‘म्हाका उस्वास घेवपाक जायना’ हे १०८ वरच्या माणसाला नक्की कळतं.

त्याच कागदावर शेजाऱ्यासाठी दोन ओळी: ‘शेवटचं ठीक कधी होती, ती वेळ लिहा’ आणि ‘औषधांची चिठ्ठी, दीनदयाळ स्वास्थ्य कार्ड, जुने रिपोर्ट: कपाटातली पिवळी पिशवी’. वेळेची ओळ तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं यासाठी. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते घड्याळ माणूस शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून सुरू होतं, सापडला तेव्हापासून नव्हे. सकाळी सातला पडलेली सापडलेली आई रात्री दहाला शेवटचं बोलली असेल तर डॉक्टर दहापासून मोजतात. शेजाऱ्याने ‘सकाळी सात’ एवढंच सांगितलं तर चूक होते.

१०८ ची गाडी कुठे नेईल हे तिथले लोक ठरवतात. केरीहून फोंड्याचं उपजिल्हा रुग्णालय जवळ, गंभीर असेल तर बांबोळीचं जीएमसी. कार्डावर आवडीचं हॉस्पिटल लिहून त्यांच्यात वाद घालू नका. हवं तर मुलीला फोनवर विचारा एवढंच लिहा, तीच मागोमाग पोचणार आहे.

तारीख पाहायची वेळ ठरवून ठेवा: दर गणेश चतुर्थीला घरी येणारी मंडळी असतातच, तेव्हा तिन्ही प्रती काढून नंबर एकदा फिरवून पाहायचे, आणि वॉरफरिनची मात्रा बदलली असेल तर औषधांची चिठ्ठी त्या दिवशीच बदलायची. जुनी प्रत कापून टाका. दोन वेगळ्या तारखांची कार्डं एकाच पर्समध्ये सापडली तर डॉक्टर दोन्ही बाजूला ठेवतो.